किलोभर साखर आणि एक कोयता : क्रयवस्तुपूजेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आम्ही काही जण अर्थशास्त्राचा एक लहानसा अभ्यासवर्ग चालवतो. त्यात कार्ल मार्क्सच्या 'भांडवल' या ग्रंथातील पहिल्या प्रकरणाचा शेवटचा भाग वाचायला घेतला की दरवेळी साधारण तेच प्रश्न पुढे येतात. त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरण म्हणून प्रामुख्याने साखर घेतली आहे, कारण ती आपल्या सर्वांच्या घरात असते आणि तिच्यासाठी लागणारे बरेचसे श्रम आपल्याच राज्यात, पुण्यापासून काही तासांच्या अंतरावर होतात.

क्रयवस्तुपूजा म्हणजे नेमके काय?

स्वतःच्या वापरासाठी नव्हे, तर बाजारात विकण्यासाठी तयार केलेली वस्तू म्हणजे क्रयवस्तू. अशा वस्तू तयार करणारी माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, आधी एकत्र बसून कोणी काय करायचे हे ठरवत नाहीत, आणि तरीही ती एकमेकांसाठीच राबत असतात. त्यांची गाठ माणूस म्हणून पडत नाही. गाठ पडते ती त्यांच्या वस्तूंची, बाजारात, भावाच्या रूपाने. त्यामुळे माणसामाणसांतील संबंध हा वस्तूवस्तूंमधील संबंध असल्यासारखा दिसू लागतो, आणि किंमत हा वस्तूचाच अंगचा गुण वाटू लागतो, जसा साखरेचा गोडवा किंवा लोखंडाचे वजन. या उलटापालटीला मार्क्सने क्रयवस्तुपूजा म्हटले. गोडवा साखरेत असतो, हे जिभेवर ठेवून कळते. पंचेचाळीस रुपये मात्र साखरेचा कोणताही दाणा फोडला तरी त्यात सापडणार नाहीत.

यात 'पूजा' कुठून आली?

मूळ शब्द पोर्तुगीज व्यापाऱ्यांचा. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील लोक ज्या वस्तूंना दैवी शक्ती असल्याचे मानत, त्यांना त्यांनी जादूटोण्याच्या अर्थाचे एक नाव दिले. पुढे शार्ल द ब्रोस या फ्रेंच लेखकाने १७६० मध्ये अशा पूजेवर एक ग्रंथ लिहिला, आणि तरुण मार्क्सने तो वाचला होता. त्या काळच्या युरोपीय लेखनात आफ्रिकेतील माणसे अडाणी आणि आपण शहाणे, असा सूर सर्रास असे. मार्क्सने तोच शब्द उचलून शहाण्यांच्या बाजारपेठेला लावला, आणि त्यातला टोमणा त्याच्या वाचकांना झोंबावा अशीच त्याची इच्छा असणार.

आपल्याकडचे चित्र शेंदूर फासलेल्या दगडाचे आहे. दगडाला मान माणसे देतात, नवस माणसे बोलतात, पण सामर्थ्य दगडाचे आहे असे वाटते. येथपर्यंत साम्य आहे. पुढे मात्र एक महत्त्वाचा फरक आहे. दगडावर विश्वास नसलेला माणूस त्याच्यासमोरून हात न जोडता निघून जाऊ शकतो. किराणा दुकानात मात्र नास्तिकालाही पैसे मोजावेच लागतात. म्हणून क्रयवस्तुपूजा ही मनातली श्रद्धा नाही. ती आपल्या रोजच्या व्यवहारातच आहे. आपल्याला ती कळत नसली तरी आपण ती करत असतो.

साखरेच्या उदाहरणाने हे समजावून सांगाल का?

समजा, दुकानात साखरेचा भाव किलोला ४५ रुपये आहे. आपण भाव विचारतो, जरा महाग वाटला तर पाव किलो कमी घेतो, आणि व्यवहार संपतो. आता मागे मागे जाऊ.

दसऱ्याच्या सुमारास बीड आणि आसपासच्या कोरडवाहू भागातून लाखो माणसे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात. पुणे जिल्ह्यातील बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर या तालुक्यांतही त्यांच्या पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात. त्यांना कारखाना थेट कामावर घेत नाही. मध्ये मुकादम असतो. हंगामाच्या आधी, पावसाळ्यात घरात दाणा नसतो किंवा लग्नकार्य, आजारपण निघालेले असते, तेव्हा मुकादम त्यांना उचल देतो. ती उचल हंगामभर तोडणी करून फेडायची. हिशेबाअंती फिटली नाही, तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाकडे यावे लागते.

या व्यवहारात मोजणीचे जे एकक आहे, त्याचे नाव 'कोयता'. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस आला तर तो 'अर्धा कोयता'. "या वर्षी टोळीत किती कोयते?" असे विचारले जाते, आणि सर्वांना कळते की प्रश्न माणसांविषयी आहे. एक जण ऊस तोडतो, दुसरी तो साळते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. पहाटेची भाकरी आणि कोपीवरचे पाणी हेही तिच्याकडेच असते. उचल बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. दोन माणसांचे श्रम, त्यांचे आपसातले नाते आणि त्यांच्यावरचे कर्ज हे सगळे एका हत्याराच्या नावात मावते. वस्तूने माणसाची जागा घेतल्याचे याहून उघडे उदाहरण मला माहीत नाही, आणि ते कोणा तत्त्ववेत्त्याने शोधलेले नसून उसाच्या फडातच रुळलेले आहे.

मजुरी दिवसावर नसते, टनावर असते. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारानंतर तोडणीचा दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. एक कोयता दिवसाला साधारण दीड ते दोन टन ऊस तोडतो. दोन टन धरले तर दोन माणसांची दिवसाची मजुरी ७३२ रुपये होते. साखरेचा उतारा १०.२५ टक्के धरला, तर त्या दोन टनांतून २०५ किलो साखर निघते. तीच जोडी संध्याकाळी गावातल्या दुकानात गेली, तर तिच्या ७३२ रुपयांत साधारण १६ किलो साखर येईल. उरलेली १८९ किलो म्हणजे सगळी लूट, असे मात्र समजू नये. त्यात शेतकऱ्याचे बारा ते अठरा महिने, खत-पाणी, वाहतूक, कारखान्यातील कामगार, कर्जावरील व्याज असे पुष्कळ काही आहे. मुद्दा वेगळा आहे. जी साखर त्या जोडीच्या हातांखालून गेली, तीच आता दुकानात तिच्यासमोर परकी वस्तू म्हणून उभी आहे, आणि तिचा भाव जणू तिने स्वतःच ठरवलेला आहे.

मग पुडीवर भावाची फोड छापली, तर पडदा दूर होईल ना?

हा प्रश्न हमखास येतो, आणि येथेच बहुतेकांची गल्लत होते. आपण फोड करून पाहू. टनाला ३६६ रुपये तोडणी, आणि टनातून १०२.५ किलो साखर. म्हणजे किलोमागे तोडणीचे साडेतीन रुपयांहून थोडे अधिक. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा रास्त व किफायतशीर दर याच उताऱ्याला टनाला ३४०० रुपये होता, म्हणजे किलोमागे साधारण ३३ रुपये. तोडणी आणि वाहतुकीचा खर्च कारखाना शेतकऱ्याच्या याच रकमेतून वजा करतो. उरलेल्या भागात गाळप, बारदान, व्यापारी, दुकानदार आणि कर. कारखान्याला मळी आणि बगॅस यांचे उत्पन्न वेगळे मिळते.

अशी फोड उपयोगी असते आणि ती छापली जावी, असेच माझे मत आहे. पण तिने झाले काय? एका भावाचे पाच भाव झाले. 'तोडणी : साडेतीन रुपये' हे वाचून उचल दिसत नाही. टनावरचा दर हंगामाच्या आधीच घेतलेल्या कर्जामुळे नाकारता येत नाही, हे दिसत नाही. आजारपणात एक दिवस काम बुडाले तर खाडा धरून पैसे कापले जातात, आणि या भीतीचे बायकांच्या शरीरावर काय परिणाम होतात, हेही दिसत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले आणि राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. साखरेच्या भावात त्याने एका पैशाचाही फरक पडला नव्हता.

म्हणून क्रयवस्तुपूजा म्हणजे केवळ माहितीची टंचाई नव्हे. सगळी माहिती असलेल्या माणसालाही उद्या साखर त्याच भावाने घ्यावी लागते, आणि कोयत्याला त्याच दराने ऊस तोडावा लागतो. येथे विचारायचा प्रश्न 'कोणाला किती मिळाले' एवढाच नाही. त्याच्या आधीचा प्रश्न असा आहे की माणसांचे परस्परांसाठी केलेले श्रम वस्तूच्या किमतीचेच रूप का घेतात. मार्क्सच्या मते त्याच्या आधीच्या अर्थशास्त्रज्ञांनी भावामागील श्रमांचा पत्ता बराचसा शोधला होता. हा दुसरा प्रश्न मात्र त्यांनी कधी विचारलाच नाही.

म्हणजे भाव खोटा असतो का?

नाही. भाव हा भ्रम असता, तर तो समजावून सांगताच नाहीसा झाला असता. ज्या समाजात माणसे सुटी सुटी उत्पादन करतात, तेथे आपले श्रम समाजाला हवे होते की नव्हते हे त्यांना विक्री झाल्यावरच कळते. शेतकऱ्याने टोमॅटो पिकवला आणि बाजार समितीत क्रेटला वाहतुकीचाही खर्च निघाला नाही, तर त्याचे तीन महिने समाजाच्या लेखी जवळपास वाया गेले. हे त्याला कोणा माणसाने सांगितले नाही, भावाने सांगितले. वस्तूंचे हे सामर्थ्य खरे आहे. खोटी आहे ती समजूत की हे सामर्थ्य वस्तूंच्या स्वभावातून येते आणि म्हणून ते कायमचे आहे.

पूर्वी असे नव्हते का?

मार्क्सने या भागात तुलनेसाठी चार चित्रे उभी केली आहेत : बेटावर एकटा राहणारा रॉबिन्सन क्रूसो, मध्ययुगीन युरोपातील वेठ, स्वतःपुरते पिकवणारे शेतकरी कुटुंब, आणि एकत्र ठरवून उत्पादन करणाऱ्या मुक्त माणसांचा कल्पिलेला समाज. चारही ठिकाणी कोण कोणासाठी राबतो हे उघड दिसते. त्याच प्रकरणात थोडे आधी त्याने भारतातील जुन्या ग्रामसमुदायाचा उल्लेख केला आहे : तेथे श्रमविभागणी आहे, पण क्रयवस्तू नाहीत.

मराठी वाचकाला येथे बलुतेदारी आठवणारच. सुतार कुणब्याचा नांगर दुरुस्त करून देई, त्याबद्दल त्या वेळी पैसे मागत नसे, आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन आपले बलुते घेई. नांगराला भाव नव्हता. हा सुतार, हा कुणबी, हे नाते मात्र सर्वांच्या डोळ्यांसमोर होते.

परंतु यावरून गावगाड्याविषयी हळवे होण्याचे कारण नाही, आणि आमच्या वर्गात असा सूर लागला की मी आवर्जून अडवतो. ते नाते उघड होते याचा अर्थ ते न्याय्य होते असा नाही. महार वतनातील माणसाला गावाची पडेल ती कामे जातीमुळे करावी लागत. त्यात काहीही झाकलेले नव्हते, आणि तरीही, किंवा म्हणूनच, ते असह्य होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या प्रश्नावर विधेयक मांडले, तेव्हा रोख रकमेची, ठरलेल्या मजुरीची बाजू ही अनेकांच्या दृष्टीने सुटकेची बाजू होती. रुपया जात विचारत नाही, या भावनेत तथ्य होते. बाजाराने जुने उघड वर्चस्व सैल केले आणि त्या जागी तोंड नसलेले नवे वर्चस्व आणले, ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात. ऊसतोडीत तर दोन्हींची सरमिसळ आहे : कोण फडात जातो हे पुष्कळदा जमीन आणि जात ठरवते, आणि तेथे गेल्यावर दर टनाचा असतो.

सरकारच भाव ठरवत असेल, तरीही हे लागू पडते का?

साखरेच्या बाबतीत हा प्रश्न रास्त आहे. उसाचा किमान दर १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली केंद्र सरकार जाहीर करते. २००९ पासून त्याला रास्त व किफायतशीर दर म्हणतात. साखरेच्या विक्रीलाही किमान दर आहे, निर्यातीवर बंधने येतात आणि जातात. पुण्यात शिवाजीनगरला साखर आयुक्तांचे कार्यालय आहे, आणि थकीत बिलांसाठी शेतकरी तेथे मोर्चे घेऊन येतात.

अशा वेळी पडदा थोडा किलकिला होतो. हंगामाच्या तोंडावर शेतकरी संघटना उसाच्या गाड्या अडवतात, तोडणी कामगारांच्या संघटना कोयता बंद ठेवतात, मग बैठका होतात आणि दर वाढतो. तेव्हा सर्वांना स्पष्ट दिसते की हा आकडा उसातून उगवलेला नाही. तो माणसांच्या गटांमधील ओढाताणीतून आलेला आहे. करार झाला, गाड्या सुरू झाल्या, की तोच आकडा वजनकाट्याच्या पावतीवर छापला जातो आणि पुन्हा टनाचा गुण होऊन बसतो. सरकारी दराने क्रयवस्तुपूजा संपत नाही, पण तो दर ठरण्याचे ते आठ-दहा दिवस अभ्यासकाने जवळून पाहण्यासारखे असतात.

भाव माहिती लपवतो, की पोचवतो?

फ्रीडरिश हायेक या अर्थशास्त्रज्ञाने १९४५ मधील एका प्रसिद्ध लेखात कथिलाचे उदाहरण दिले आहे. कथिलाचा एखादा साठा बंद पडला किंवा त्याचा नवा उपयोग निघाला, तर जगभरातील वापरणाऱ्यांना कारण कळण्याची गरजच नसते. भाव चढला एवढे कळले की ते कथिल जपून वापरतात. म्हणजे भाव बाकी सर्व तपशील गाळून नेमकी हवी तेवढी माहिती पोचवतो, आणि हायेकच्या दृष्टीने हेच बाजाराचे मोठे यश आहे.

माझ्या मते हायेक आणि मार्क्स एकाच घटनेकडे पाहत आहेत. भाव तपशील गाळतो, यावर दोघांचे एकमत आहे. हायेक विचारतो की गाळल्यामुळे काय साधले. मार्क्स विचारतो की जे गाळले गेले ते काय होते. पुण्यातल्या मिठाईवाल्याला साखर जपून वापरावी की नाही हे भावावरून चांगले कळते. उचल कशी दिली गेली हे त्याला त्यातून कळत नाही, आणि बाजारात टिकायचे तर ते कळून घेण्याची त्याला सवडही नसते. कोट्यवधी वस्तूंचे नियोजन भावाशिवाय कसे करायचे, हा हायेकच्या बाजूचा प्रश्न अवघड आहे आणि क्रयवस्तुपूजेचे विवेचन त्याचे उत्तर देत नाही.

मूल्य श्रमातून येते हे मला पटत नसेल तर?

तरीही या कल्पनेचा बराच भाग हाती राहतो. मूल्याचा श्रमसिद्धांत वादग्रस्त आहे; श्रमांवरून प्रत्यक्ष भाव कसे निघतात यावर ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ बोम-बावेर्कने १८९६ मध्ये घेतलेले आक्षेप आजही चर्चेत आहेत. परंतु माणसांचे परस्परावलंबन वस्तूंच्या भावातून चालते आणि त्यामुळे ते वस्तूंचे सामर्थ्य म्हणून समोर येते, हे विधान मान्य करण्यासाठी भावाचे गणित श्रमाच्या तासांवरच बसले पाहिजे असे नाही. मार्क्सच्या स्वतःच्या मांडणीत मात्र ही दोन्ही एकमेकांत घट्ट विणलेली आहेत, हे सांगून ठेवले पाहिजे.

महागड्या ब्रँडचे वेड म्हणजेच क्रयवस्तुपूजा ना?

नाही. तो चैनीचा आणि प्रतिष्ठेचा विषय आहे. सुटी साखर, मीठ आणि सिमेंट यांनाही क्रयवस्तुपूजा तितकीच लागू आहे.

रोजच्या बोलण्यात ही उलटापालट कशी ओळखावी?

वाक्याचा कर्ता पाहावा. 'कांद्याने रडवले', 'सोन्याने उसळी घेतली', 'बाजार पडला', 'हिंजवडीमुळे आजूबाजूच्या जागांना भाव आला', 'पैसा पैशाला ओढतो'. या सगळ्या वाक्यांत वस्तू काहीतरी करत आहेत आणि माणसे कुठेच नाहीत. अशी वाक्ये चूक नाहीत. ती व्यवहाराचे बरोबर वर्णन करतात, म्हणूनच ती इतकी रुळली आहेत.

वर्गात आम्ही एक साधा सराव करतो. वर्तमानपत्रातील बाजारभावाची एक ओळ घ्यायची आणि तीत फक्त माणसांना कर्ता करून ती पुन्हा लिहायची. मागे एकीने 'साखर दोन रुपयांनी महागली' ही ओळ घेतली. तिच्या वहीत आधी व्यापारी आले, मग कारखान्याचे संचालक, मग दिल्लीतील अधिकारी, मग ऊस उत्पादक, मग मुकादम. पानाच्या तळाशी ती कोयत्यापर्यंत पोचली, आणि तेथे एका शब्दाऐवजी दोन माणसे लिहायची असल्यामुळे तिला ओळ पुरली नाही.